वीस खोल्यांचा हिशेब

हॉटेलात रूम अटेंडंटचा दिवस एका कागदावर ठरतो. सकाळच्या ब्रीफिंगला सुपरवायझर प्रत्येकीच्या हातात असाइनमेंट शीट देतो. त्यावर खोल्यांचे नंबर असतात. कोणती खोली आज रिकामी होणार, कोणत्या खोलीत पाहुणा राहणार आहे, कुठे जादा बेड लावायचा आहे, एवढे त्यात लिहिलेले असते. शीटवर चौदा नंबर असतील तर दिवस दमवणारा, पण पार पडणारा. वीस असतील तर हातात शीट पडतानाच तिला कळते की पाळी संपेपर्यंत हे होणार नाही. ब्रीफिंगमध्ये मात्र कोणी काही बोलत नाही. ट्रॉल्या लिफ्टकडे निघतात.

माणसे कमी झाली की राहिलेल्यांच्या शीटवरचे नंबर वाढतात. हे बहुतेक हॉटेलांत घडते आणि बहुतेक वेळा ‘थोडे दिवस सांभाळून घ्या’ एवढ्यावर संपते. यावर एचआरला लेखी पत्र देणारे कर्मचारी फार थोडे. जे देतात त्यांच्या पत्रात ‘कामाचा ताण खूप वाढला आहे’ असे लिहिलेले असते. ते खरेच असते, पण त्या वाक्यावर एचआरला काही करता येत नाही. ताण प्रत्येक विभागात वाढलेला असतो आणि प्रत्येक विभाग तसे कळवत असतो. ज्या पत्राची दखल घ्यावीच लागते, त्यात खोल्यांचा हिशेब मिनिटांत मांडलेला असतो. तो कसा मांडायचा, हे एका उदाहरणातून पाहू.

मुंबईत विमानतळाच्या आसपास असतात तसले मध्यम आकाराचे एक हॉटेल धरू. सात मजले, मजल्यावर अठरा, म्हणजे एकूण १२६ खोल्या. सरासरी ९८ खोल्या भरलेल्या असतात. सकाळच्या पाळीत सात अटेंडंट, म्हणून प्रत्येकीला १४ खोल्या. शहरातल्या अशा हॉटेलांत बारा ते सोळा खोल्यांची वाटणी सर्रास दिसते, तेव्हा १४ हा आकडा काही जगावेगळा नाही. मग दोघी नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागा भरल्या नाहीत. ९८ खोल्या पाचजणींत वाटल्या की १९.६ येतात, आणि शीटवर २० छापून आले. हा आकडा काढताना कोणी घड्याळ लावले नाही, कोणी खोलीत जाऊन पाहिले नाही. फक्त भागाकार झाला.

आता पाळीकडे पाहू. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, म्हणजे ५४० मिनिटे. त्यातून जेवणाचा अर्धा तास आणि दोन चहांची मिळून तीस मिनिटे गेली. उरली ४८०. ब्रीफिंग, चाव्या घेणे, ट्रॉलीत चादरी, टॉवेल, साबण, पाण्याच्या बाटल्या भरणे, आणि दिवसाच्या शेवटी ट्रॉली आवरणे, मळके लिनन पोचवणे, पॅन्ट्री लावणे, चाव्या परत देणे, या सगळ्याला मिळून एक तास लागतो. म्हणजे खोल्यांसाठी खरोखर हातात असतात ४२० मिनिटे. नऊ तासांच्या पाळीतले सात तास.

खोल्याही एकसारख्या नसतात. पाहुणा सोडून गेला की ती चेकआऊट खोली. तिथे पलंग पूर्ण उघडून सगळे लिनन बदलायचे, बाथरूम घासायचे, कपाटे, ड्रॉवर, तिजोरी, पलंगाखालची जागा बघायची, फ्रिज तपासायचा, धूळ पुसायची, व्हॅक्युम मारायचा, आणि खोलीत आधी कोणी राहिले होते याची खूणही उरू द्यायची नाही. साध्या आकाराच्या खोलीला ३५ मिनिटे धरू. पाहुणा अजून राहतोच आहे अशा खोलीला हॉटेलात स्टेओव्हर म्हणतात. तिथे काम कमी, पण पाहुण्याच्या पसरलेल्या सामानाला धक्का न लावता ते करायचे असते. तिला २२ मिनिटे धरू. हे आकडे या उदाहरणापुरते आहेत. मोठी खोली, बाथटब, गालिचा, जादा बेड असला की ते बदलतात, आणि म्हणूनच प्रत्येक हॉटेलात ते मोजून काढावे लागतात.

चौदा खोल्यांपैकी सहा चेकआऊट आणि आठ स्टेओव्हर असतील तर २१० आणि १७६, मिळून ३८६ मिनिटे होतात. ४२० पैकी ३४ मिनिटे उरली. हा रिकामा वेळ नव्हे. दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी असलेल्या खोलीकडे दुसऱ्यांदा जाणे, सर्व्हिस लिफ्टसाठी थांबणे, ‘दोन टॉवेल जास्त द्या’ म्हणणाऱ्या पाहुण्याला ते नेऊन देणे, यातच तो जातो. म्हणजे सात माणसांवर बसवलेला चौदाचा आकडा पाळीत जेमतेम बसत होता. त्यात ढिलाई कुठेच नव्हती.

आता वीस खोल्या. चेकआऊटचे प्रमाण तेच ठेवले तर नऊ चेकआऊट, अकरा स्टेओव्हर. ३१५ आणि २४२, एकूण ५५७ मिनिटे. हातात ४२०. एक पाऊल न चालता, एकदाही लिफ्टची वाट न बघतासुद्धा १३७ मिनिटे कमी पडतात. ये-जा आणि पाहुण्यांच्या मागण्या त्याच प्रमाणात वाढवल्या तर तूट तीन तासांच्या पुढे जाते. दुसऱ्या बाजूने बघा: ४२० भागिले २० म्हणजे खोलीमागे २१ मिनिटे. हलक्यातल्या हलक्या खोलीलाही २२ लागतात. हा एक भागाकार पत्रात आला की टार्गेट अवघड आहे की अशक्य, हा वादच राहत नाही.

तरीही रोज संध्याकाळी वीसच्या वीस खोल्या ‘क्लीन’ दाखवल्या जातात. ते कसे, हे एचआरला कळायला हवे, कारण त्यांच्यापुढे येणाऱ्या अहवालात फक्त झालेल्या खोल्यांची संख्या असते. कमी पडणारे तीन तास तीन ठिकाणांहून काढले जातात. पहिला वाटा अटेंडंटच्या शरीरातून निघतो. जेवण दहा मिनिटांत उरकते, चहा सुटतो, आणि पाणी कमी प्यायले जाते, म्हणजे बाथरूमला जावे लागू नये. दुसरा वाटा तिच्या घरच्या वेळेतून निघतो. पाचला पंच आऊट करून ती पुन्हा मजल्यावर जाते आणि साडेसहापर्यंत काम करते. हजेरीच्या नोंदीत पाळी वेळेवर संपलेली दिसते. हा दीड तास तिच्याकडून फुकट घेतला जातो, आणि नोंदीत तो नसल्यामुळे तो घेतला गेला हे कोणाला सिद्धही करता येत नाही. मला यातली सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच वाटते.

तिसरा वाटा खोलीतून निघतो, आणि तो पाहुण्यापर्यंत पोचतो. बाथरूममध्ये जंतुनाशक फवारले की ते पृष्ठभागावर काही मिनिटे ओले राहावे लागते. किती मिनिटे, ते बाटलीवर लिहिलेले असते आणि बऱ्याच द्रावणांसाठी ते पाच-दहा मिनिटे असते. म्हणून शिकवलेला क्रम असा की आधी बाथरूममध्ये फवारा, मग पलंग करा, मग परत येऊन घासा. घाईत फवारले की लगेच पुसले जाते. चकाकते, पण निर्जंतुक होत नाही. कमोडसाठी, बेसिनसाठी आणि ग्लासांसाठी वेगवेगळ्या रंगांची फडकी ठेवलेली असतात. शेवटच्या चार खोल्यांत ती बदलायला वेळ नसतो. ग्लास पॅन्ट्रीत धुण्याऐवजी बेसिनवरच विसळून पुसला जातो. यातले काहीही सुपरवायझरच्या दोन मिनिटांच्या पाहणीत दिसत नाही. ज्या बाईला नीट काम करायची सवय आहे, तिला हे करावे लागणे हा तिचाही अपमान असतो.

हे ओळखायच्या खुणा मात्र हॉटेलच्या नोंदींत सापडतात. कार्डने उघडणाऱ्या दाराच्या लॉकमध्ये कोणते कार्ड किती वाजता लागले याची नोंद राहते. एका दारापासून पुढच्या दारापर्यंतचे अंतर बाराच मिनिटांचे आहे आणि मधली खोली चेकआऊटची होती, असे दिसले तर ती खोली पूर्ण झालेली नाही. दिवसभरात तुरळक बदलणारी खोल्यांची स्थिती साडेचारनंतर एकदम सहा-सात खोल्यांसाठी ‘क्लीन’ होत असेल, तर काम आधी आणि नोंद नंतर असे झाले आहे किंवा दोन्ही घाईत झाले आहे. सुपरवायझरने परत पाठवलेल्या खोल्या, पाहुण्यांच्या स्वच्छतेच्या तक्रारी, पाठदुखीच्या रजा, यांची टार्गेट वाढण्याआधीची आणि नंतरची तुलना झाली की चित्र पुरे होते. यातल्या बऱ्याच नोंदी कर्मचाऱ्याच्या हातात नसतात. तिने त्या जमवायची गरजही नाही. ‘माझ्या वेळा लॉकच्या नोंदींशी पडताळून पाहा’ एवढे तिने लिहिले की पुरते, आणि त्या एका वाक्याने तिच्या आकड्यांना वजन येते.

स्वतःच्या वेळा मात्र तिलाच नोंदवाव्या लागतात. शीटच्या कडेला खोलीत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, पुढे चेकआऊट की स्टेओव्हर, एवढेच लिहायचे. दोन आठवडे लिहिले की त्यात शनिवार-रविवार येतात, भरलेले दिवस येतात, रिकामे येतात. लवकर झालेल्या खोल्याही लिहायच्या. फक्त रखडलेल्या खोल्या निवडल्या आणि एचआरने लॉकच्या नोंदी काढल्या, तर सगळे पत्र संशयाखाली येते. शक्य असेल तर दोघी-तिघींनी स्वतंत्रपणे नोंदी ठेवाव्यात. ‘ती मुळातच हळू आहे’ हे उत्तर मग टिकत नाही. कामाचा वेळ मोजण्याचे शास्त्र जुने आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ‘इंट्रोडक्शन टू वर्क स्टडी’ हे त्यावरचे पुस्तक १९५७ मध्येच काढले. त्या पद्धतीत घड्याळाने मोजलेला वेळ तसाच टार्गेटला लावत नाहीत. काम करणाऱ्याची गती लक्षात घेतात आणि वर थकव्यासाठी व वैयक्तिक गरजांसाठी वेळ मिळवतात. पंचवीस वर्षांची चपळ मुलगी सकाळच्या पहिल्या खोलीला जेवढा वेळ घेते, तो सगळ्यांसाठी आणि अख्ख्या दिवसासाठी प्रमाण धरता येत नाही.

माप कशाचे घ्यायचे हाही प्रश्न आहे. खोल्यांच्या संख्येत कामाचा निम्मा भाग लपतो, म्हणून कित्येक हॉटेलांत क्रेडिट लावतात. स्टेओव्हर म्हणजे एक क्रेडिट, चेकआऊट म्हणजे दीड, स्वीट असेल तर दोन किंवा जास्त. आपल्या उदाहरणात जुन्या चौदा खोल्यांची १७ क्रेडिट होतात: सहा चेकआऊटची नऊ आणि आठ स्टेओव्हरची आठ. नव्या वीस खोल्यांची होतात साडेचोवीस. रविवारी अकरा खोल्या सगळ्याच चेकआऊटच्या आल्या तर साडेसोळा क्रेडिट, म्हणजे चौदा मिश्र खोल्यांएवढेच काम. त्या दिवशी ‘अकराच केल्या’ असे कोणी म्हणू शकत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराने हाच विचार कायद्यात घेतला. तिथल्या मतदारांनी २०१८ मध्ये मंजूर केलेल्या नियमात आठ तासांत एका अटेंडंटकडून ४००० चौरस फुटांपेक्षा जास्त जागेच्या खोल्या करून घ्यायला मर्यादा घातली. चेकआऊट किंवा जादा बेडच्या खोल्या सहापेक्षा जास्त आल्या तर अशा प्रत्येक खोलीमागे ती मर्यादा ५०० चौरस फुटांनी कमी होते. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने हॉटेलांतल्या हाउसकीपिंग कामगारांच्या सांधे-स्नायूंच्या इजा टाळण्यासाठी स्वतंत्र नियम लागू केला. गादी उचलून चादर खोचणे, वाकून टब घासणे, भरलेली ट्रॉली गालिच्यावरून ढकलणे, यांतून होणाऱ्या इजा कामाच्या गतीशी जोडलेल्या आहेत हे तिथे मान्य झाले. आपल्याकडे एका अटेंडंटला किती खोल्या द्याव्यात याचा असा कायदा नाही. म्हणून तर इथे पत्रातला हिशेब अधिक महत्त्वाचा ठरतो.

असा हिशेब हाती आला की पत्र लांब लागत नाही. ते साधारण असे होईल:

प्रति,
मनुष्यबळ विभाग
प्रत: एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर

विषय: सकाळच्या पाळीतील माणसे सातवरून पाचवर आल्यानंतर ठरवलेल्या रोजच्या २० खोल्यांच्या टार्गेटचा फेरविचार व्हावा, याबाबत विनंती.

महोदय,

मी सकाळच्या पाळीत रूम अटेंडंट आहे. जूनमध्ये आमच्या पाळीतील दोघींनी नोकरी सोडली. त्यांच्या जागा अद्याप भरलेल्या नाहीत. १ जुलैपासून प्रत्येकीचे टार्गेट १४ वरून २० खोल्या झाले आहे. याबद्दल मी एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर यांच्याशी बोलले आहे. टार्गेट बदलणे त्यांच्या एकट्याच्या अधिकारात नसल्याचे त्यांनी सांगितले, म्हणून आपल्याला लिहीत आहे.

मी दोन आठवडे प्रत्येक खोलीला लागलेला वेळ शीटवर लिहिला. चेकआऊट खोलीला सरासरी ३५ आणि स्टेओव्हर खोलीला २२ मिनिटे लागतात. जेवण, चहा, ब्रीफिंग व ट्रॉलीचे काम वजा जाता पाळीत ४२० मिनिटे उरतात. २० खोल्यांना, त्यात ९ चेकआऊट धरून, ५५७ मिनिटे लागतात. मजले बदलणे आणि पाहुण्यांच्या मागण्या यांचा वेळ यात धरलेला नाही. माझ्या शीटच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. या वेळा दारांच्या लॉकच्या नोंदींशी पडताळून पाहाव्यात.

या १२ कामाच्या दिवसांपैकी ९ दिवस मला पाच वाजल्यानंतर थांबावे लागले. ७ दिवस जेवणाची पूर्ण सुट्टी घेता आली नाही. पाहणीत परत आलेल्या माझ्या खोल्या ११ आहेत. टार्गेट १४ असताना आठवड्याला एखादीच येत असे.

माझी विनंती अशी आहे की दोन जागा भरेपर्यंत एका अटेंडंटला पाळीत १७ क्रेडिटपर्यंतच काम द्यावे, चेकआऊटला दीड व स्टेओव्हरला एक क्रेडिट धरून. पाचनंतर थांबावे लागले तर त्याची हजेरीत नोंद होऊन ओव्हरटाइम मिळावा. टार्गेटचा निर्णय होईपर्यंत मी काम नेहमीप्रमाणे करत राहीन. सगळ्या खोल्या पाळीत होणार नसतील त्या दिवशी कोणत्या आधी घ्यायच्या, हे सकाळी शीटवर लिहून मिळावे.

या विषयावर हाउसकीपिंग व मनुष्यबळ विभाग यांची एकत्र बैठक पुढील दहा दिवसांत व्हावी. माझ्या नोंदी घेऊन मी येईन.

आपली विश्वासू,
(नाव, कर्मचारी क्रमांक, दिनांक)

या पत्रात कोणालाही दोष दिलेला नाही, ते मुद्दाम. एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरला डावलून वर गेल्याची तक्रार होऊ नये म्हणून आधी त्यांच्याशी बोलल्याचा उल्लेख आहे आणि त्यांना प्रत आहे. बहुतेक वेळा त्यांनाही माणसे हवीच असतात. असे पत्र त्यांच्या मागणीला आधार देते.

सर्वांत महत्त्वाचे वाक्य काम करत राहण्याबद्दलचे आहे. ‘आम्ही वीस खोल्या करणार नाही’ असे लिहिणे धोक्याचे आहे. जाणूनबुजून संथ काम करणे हे आपल्या औद्योगिक कायद्यात आणि स्थायी आदेशांत गैरवर्तन मानले जाते, आणि असे एक वाक्य शिस्तभंगाच्या कारवाईला निमित्त होऊ शकते. उलट, कोणत्या खोल्या आधी घ्यायच्या हे लिहून मागितले की निर्णयाची जबाबदारी जिथे असायला हवी तिथे जाते. वेळ अपुरा आहे हे व्यवस्थापनाला सहीनिशी मान्य करावे लागते, किंवा वेळ पुरेसा आहे हे दाखवावे लागते.

ओव्हरटाइमची मागणीही नेमकी आहे. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात विश्रांतीसाठी किमान अर्धा तास आणि जादा तासांसाठी दुप्पट दराने वेतन आहे. पंच आऊटनंतरचे तास फुकट असतात तोवर रिकाम्या जागा न भरणे हॉटेलला स्वस्त पडते. ते दुप्पट दराने नोंदले जाऊ लागले की दोन माणसे नेमणेच परवडते. हे लेखा विभाग सगळ्यांच्या आधी ओळखतो.

पत्र हातात द्यायचे तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. ईमेलने पाठवले तर ती प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावरही ठेवायची. मात्र पाहुण्यांची नावे किंवा खोल्यांचे तपशील असलेली हॉटेलची कागदपत्रे घरी न्यायची नाहीत. जोडलेल्या शीटवर पाहुण्याचे नाव असेल तर ते झाकून घ्यायचे. पाचही जणींच्या सह्या असल्या तर पत्राला बळ येते आणि एकीला बाजूला काढणे अवघड होते. पण एकजण घाबरत असेल तर तिच्यावर जबरदस्ती नको. तिच्या नोंदी दुसरीच्या पत्राला जोडता येतात.

अटेंडंट कंत्राटदाराकडून आलेली असेल, आणि आज कित्येक हॉटेलांत ती तशीच असते, तर वाट वेगळी. हॉटेलचा एचआर म्हणतो, ‘तुम्ही आमच्या पगारावर नाही.’ कंत्राटदार म्हणतो, ‘खोल्या हॉटेल ठरवते.’ दोन्ही उत्तरे अर्धी खरी असल्यामुळे माणूस मधेच अडकतो. अशा वेळी पत्र कंत्राटदाराच्या नावे लिहायचे आणि त्याची प्रत हॉटेलच्या एचआरला द्यायची. शीट कोण देते आणि त्यावर कोणाची सही असते, याचा उल्लेख त्यात हवा. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत कायद्याने तक्रार निवारण समिती लागते आणि तिच्यात कामगारांचेही प्रतिनिधी असतात. पत्राला उत्तर आले नाही तर पुढचा अर्ज तिथे करता येतो. युनियन असेल तर अर्थातच आधी तिला विचारायचे.

बैठकीत एचआरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मग उरलेल्या खोल्या कोण करणार?’ या प्रश्नाचे उत्तर देणे कर्मचाऱ्याचे काम नाही. तरी ते तयार असले तर बैठक पुढे सरकते. पूर्ण हॉटेलचे काम ११९ क्रेडिट आहे: ४२ चेकआऊटची ६३ आणि ५६ स्टेओव्हरची ५६. पाचजणी प्रत्येकी १७ म्हणजे ८५ करतात. तूट ३४ क्रेडिटची. म्हणजे बरोबर दोन माणसांची, जी गेली तेवढीच. आता स्टेओव्हर खोल्यांतल्या निम्म्या पाहुण्यांना चादरी एक दिवसाआड बदलून चालत असतील, तर त्या २८ खोल्यांत फक्त कचरा, टॉवेल आणि बाथरूम उरते. ते काम अर्ध्या क्रेडिटचे, म्हणजे १४ वाचली. मजल्यावरच्या हाउसमनने चेकआऊट खोल्यांतले मळके लिनन आणि कचरा आधीच काढून ठेवला तर दीडचे सव्वा क्रेडिट होते. ४२ खोल्यांवर आणखी साडेदहा वाचली. उरली साडेनऊ. ती संध्याकाळच्या पाळीतल्या एकीने दुपारी दोन तास लवकर येऊन आणि काही चेकआऊट खोल्या दुसऱ्या दिवशी विकायच्या ठेवून भागवता येतात, किंवा एक हंगामी माणूस घेऊन. हाउसमनचेही काम यात वाढते, त्यामुळे त्याचीही शीट तपासावी लागेल. एकीचा भार गुपचूप दुसऱ्यावर टाकणे हा तोडगा होत नाही.

एचआरकडून येणारे दुसरे उत्तर असते, ‘हे तात्पुरते आहे.’ कधी ते खरे असते. गणपतीत कोकणातली मुले-मुली गावी जातात आणि मुंबईतल्या हॉटेलांची पाळी दहा दिवस लंगडी चालते. ते सगळ्यांना माहीत असते, त्या दिवसांत सगळे एकमेकांचे सांभाळून घेतात आणि चतुर्थीला गेलेली माणसे परत येतात. नोकरी सोडून गेलेली माणसे परत येत नाहीत. म्हणून ‘तात्पुरते’ म्हटले की पुढचे दोन प्रश्न विचारायचे. या दोन जागा मंजूर मनुष्यबळात अजून आहेत का, आणि भरतीची जाहिरात निघाली आहे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर तारीख मागायची. जागाच रद्द झाल्या असतील तर हा तात्पुरता बदल नाही, कामाच्या अटींतला कायमचा बदल आहे, आणि त्याची चर्चा त्याच नावाने व्हायला हवी.

टार्गेट कमी झाले तरी ते कागदावर ‘१६ खोल्या’ असे गोल आकड्यात यायची शक्यता मोठी असते. ते लगेच मान्य करू नये. सोळापैकी सात चेकआऊट आल्या तर २४५ आणि १९८, म्हणजे ४४३ मिनिटे होतात. ये-जा न धरताही ४२० पेक्षा जास्त. दोन आठवडे क्रेडिटची मर्यादा लावून बघू, असे सुचवावे. त्या काळात तेच चार आकडे दोन्ही बाजूंनी नोंदवावेत: पाचनंतर थांबलेली मिनिटे, सुटलेली जेवणे, परत आलेल्या खोल्या आणि पाहुण्यांच्या तक्रारी. पंधराव्या दिवशी पुन्हा बसावे, आणि बैठकीत काय ठरले ते त्याच संध्याकाळी दोन ओळींत एचआरला लिहून पाठवावे, तारखेसह.